जिवाणूजन्य मस्तिष्कावरणशोथ

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावरील आवरणांना जिवाणूंच्या संसर्गामुळे होणारा दाह. घरगुती बोलण्यात याला ‘ताप डोक्यात गेला’ किंवा ‘मेंदूज्वर’ म्हणतात. जपानी मेंदूज्वरासारखे विषाणूंमुळे होणारे मेंदूचे आजारही याच शब्दाखाली येतात, म्हणून नुसत्या नावावरून कशाचे उपचार करायचे ते ठरत नाही. ते ठरवते पाठीतले पाणी, म्हणजेच मस्तिष्क-मेरुद्रव.

मोठ्या माणसांत हा आजार मुख्यतः न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या जिवाणूंमुळे होतो. पन्नाशीनंतर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत लिस्टेरिया या जिवाणूचाही विचार करावा लागतो. ताप, मान ताठणे आणि भान हरपणे ही पुस्तकातली त्रयी निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र दिसते. मात्र डोकेदुखी धरून या चारांपैकी दोन लक्षणे जवळपास प्रत्येकात असतात. त्यामुळे मान ताठ नाही एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

एक काल्पनिक पण नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांचा मधुमेही शेतकरी, दोन आठवडे कान वाहत होता. तीन दिवसांपासून ताप आणि प्रचंड डोकेदुखी, गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दोन दिवस घेतलेल्या. आज सकाळपासून बडबडतो आहे, घरच्यांना ओळखत नाही. कानामागून आत शिरलेला न्यूमोकोकस हा इथला पहिला संशयित.

पाठीतून पाणी काढायचे म्हटले की नातेवाईक हमखास विचारतात, ‘माणूस लुळा तर नाही ना पडणार?’ मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये जाते. तिथे द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. खरा धोका वेगळा आहे. मेंदूत गाठ, गळू किंवा मोठी सूज असताना खालून पाणी काढले, तर मेंदूचा भाग खाली सरकू शकतो. म्हणून नुकतीच फिट आली असेल, अंगाची एक बाजू कमजोर असेल, डोळ्याच्या पडद्यावरील चकती सुजलेली असेल, भान फारच कमी असेल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. यातच घात होतो, कारण स्कॅनच्या रांगेत औषध थांबून राहते. योग्य क्रम असा, की जिवाणू वाढवून पाहण्यासाठी रक्ताचे कल्चर घ्यायचे, औषध सुरू करायचे आणि मग स्कॅनला न्यायचे. औषधानंतर काही तासांतच द्रवातून जिवाणू वाढेनासे होतात, हे खरे. पण पेशी, प्रथिने आणि साखर यांतले बदल आणखी बराच काळ टिकतात, त्यामुळे निदान हातचे जात नाही.

निरोगी द्रव पाण्यासारखा नितळ असतो. त्यात एका घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंतच पांढऱ्या पेशी असतात आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. आपल्या शेतकऱ्याचा द्रव ताकाच्या निवळीसारखा गढूळ आला. पेशी २,४००, त्यांपैकी ९२ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रथिने १०० मिलिलिटरमध्ये २८० मिलिग्रॅम, जिथे ४५ च्या आत हवीत. साखर मात्र ७० मिलिग्रॅम. अहवालावर ‘सामान्य मर्यादा ४५ ते ८०’ असे छापलेले असल्यामुळे त्या आकड्याखाली लाल रेघ नव्हती. फसगत होते ती नेमकी इथे. त्याच वेळी काढलेल्या रक्तातली साखर २६० होती, म्हणजे गुणोत्तर ०.२७. ते ०.४ च्या खाली गेले, तर जिवाणूंचा संशय बळावतो. रक्तातली साखर त्याच वेळी तपासली नसेल, तर द्रवातल्या साखरेचा आकडा मधुमेह्यात जवळजवळ निरुपयोगी असतो.

द्रव रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा या ग्रॅम रंजनात जोडीजोडीने बसलेले मोजकेच जांभळे जिवाणू दिसले. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. दोन दिवसांच्या गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण पुरावा पुसला जातो. आपल्याकडे अशा अर्धवट उपचार झालेल्या रुग्णांत क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाचा प्रश्न नेहमी उभा राहतो. त्यातही साखर कमी आणि प्रथिने जास्त असतात. पण पेशी सहसा शेकड्यांत, बहुतांशी लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, आणि आजार दिवसांत नव्हे तर आठवड्यांत वाढलेला असतो. क्षयाच्या अगदी सुरुवातीला न्यूट्रोफिलही जास्त असू शकतात, त्यामुळे हा भेद प्रत्येक वेळी स्वच्छ पडत नाही.

जिवाणूचे नाव कळण्याआधी, अंदाजाने सुरू करायचे उपचार वयावर ठरतात. या रुग्णाला सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि वजनानुसार व्हॅन्कोमायसिन दिले, कारण काही न्यूमोकोकस सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद देत नाहीत. वय पन्नाशीपुढे असल्याने अँपिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी जोडले, कारण लिस्टेरियावर सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही. हे तिसरे औषध विसरले जाते, असा वॉर्डांतला अनुभव आहे. न्यूमोकोकस ठरल्यावर उपचार १० ते १४ दिवस चालतात.

या सगळ्याच्या आधी, किंवा पहिल्या मात्रेबरोबरच, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड १० मिलिग्रॅम शिरेतून द्यायचे असते आणि पुढे दर ६ तासांनी चार दिवस. संसर्गात स्टिरॉइड हे ऐकायला उलटे वाटते. पण प्रतिजैविकाने जिवाणू फुटले की त्यांच्या भिंतीचे तुकडे द्रवात पसरतात आणि शरीराची दाहक प्रतिक्रिया एकदम उसळते. मेंदूची सूज आणि आतल्या कानाची हानी मोठ्या प्रमाणात या उसळीने होते. स्टिरॉइड ती दाबते, म्हणून ते उसळीच्या आधी पोहोचायला हवे. दुसऱ्या दिवशी आठवण होऊन दिलेल्या डेक्सामेथासोनचा हा उपयोग नाही.

याचा भक्कम पुरावा २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः नेदरलँड्समधील ३०१ प्रौढांच्या चाचणीतून आला. स्टिरॉइड घेतलेल्यांत मृत्यू ७ टक्के, न घेतलेल्यांत १५ टक्के. न्यूमोकोकसच्या रुग्णांत हा फरक १४ विरुद्ध ३४ टक्के इतका मोठा होता. मलावीतील चाचण्यांत मात्र फायदा दिसला नाही. तिथले पुष्कळसे प्रौढ रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि उशिरा पोहोचत होते. व्हिएतनाममध्ये २००७ च्या अभ्यासात, जिवाणू सिद्ध झालेल्यांना फायदा झाला, इतरांना झाला नाही. त्या इतरांत न ओळखलेला क्षय असावा, अशी शंका होती. आपल्याकडे हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. क्षयातही स्टिरॉइड देतात, पण क्षयाच्या औषधांच्या जोडीने आणि सहा ते आठ आठवडे हळूहळू कमी करत. आधी प्रतिजैविक घेतलेल्यांना डच चाचणीत सामील केलेच नव्हते, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याला दिलेले डेक्सामेथासोन हा पुराव्याच्या पलीकडचा, तारतम्याने घेतलेला निर्णय होता.

स्टिरॉइडची किंमतही मोजावी लागते. शेतकऱ्याची रक्तातली साखर दुसऱ्या दिवशी ४०० वर गेली आणि इन्सुलिन वाढवावे लागले. शिवाय दाह उतरला की आवरणांतून व्हॅन्कोमायसिन कमी झिरपते. म्हणून ४८ तासांत ताप आणि भान यांत सुधारणा नसेल, तर पुन्हा पाणी काढून जिवाणू मेले का ते पाहतात. लिस्टेरिया निघाला तर स्टिरॉइड थांबवतात. नवजात अर्भकांत ते देतच नाहीत.

शेतकरी पाचव्या दिवशी नावे सांगू लागला, पण डाव्या कानाने ऐकू येईना. न्यूमोकोकसनंतर आतल्या कानाचा शंख काही आठवड्यांत हाडासारखा भरून जाऊ शकतो आणि मग ऐकू येण्यासाठी बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत जात नाही. म्हणून श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, फार तर चार आठवड्यांच्या आत करतात.