कायमच्या सूचनेत ओळ टाकण्याआधी हे वाचा

व्हॉट्सॲपवर ग्राहकांना उत्तरे देणारी सोय आमच्याकडून घेतलेल्या दुकानदारांसाठी हे पत्रक आहे. ठिबक असो, बियाणे असो, हार्डवेअर असो की कापड, आम्हाला फोन येतो तो बहुतेक एकाच कारणाने: "काल सूचनेत ओळ टाकली, तरी ऐकत नाही." नाहीतर याच्या उलट: "एक ओळ टाकली आणि भलत्याच प्रश्नाला नकार द्यायला लागलं." या दोन्ही गोष्टी का होतात ते एकदा नीट लिहून देतो.

ग्राहकाचा मेसेज आला की आमची यंत्रणा तो एकटाच मॉडेलकडे, म्हणजे उत्तर लिहिणाऱ्या एआय प्रोग्रॅमकडे, पाठवत नाही. वर तुमची कायमची सूचना, म्हणजे उत्तरं कशी द्यायची हे लिहून ठेवलेला मजकूर, तिच्याखाली त्या ग्राहकाशी आतापर्यंत झालेलं बोलणं आणि सगळ्यात शेवटी नवा प्रश्न, असा सगळा मजकूर प्रत्येक वेळी नव्याने जातो. मॉडेल तुमची सूचना पाठ करून ठेवत नाही, तिच्यातून काही शिकतही नाही. समोरचा मजकूर वाचायचा आणि त्याला धरून उत्तर द्यायचं, एवढंच ते करतं. जुनं बोलणंही सोबत जात असल्यामुळे आधीची चुकीची उत्तरं त्याच्या समोरच असतात, आणि ते पुष्कळदा त्याच सुरात पुढे लिहितं. म्हणून सूचना बदलल्यावर जुन्याच चॅटमध्ये तपासून "फरक पडला नाही" असं ठरवू नका. आधी 'नवीन' असा मेसेज पाठवा, म्हणजे मागचं बोलणं बाजूला पडतं, आणि मग प्रश्न विचारा. "ऐकत नाही" म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

बोलण्याची ढब सूचनेने लवकर बदलते. सूचना नसेल तर मॉडेल छापील मराठीत, मुद्द्यांची यादी करून उत्तर देतं, आणि ठळक अक्षरांसाठी दोन-दोन तारे लावतं. व्हॉट्सॲपला ठळक अक्षरासाठी एकच तारा कळतो, त्यामुळे ग्राहकाला `**१६ एमएम नळी**` असं ताऱ्यांसकट दिसतं. आम्ही सुरुवातीलाच लिहून देतो: "उत्तर फोनच्या लहान पडद्यावर वाचले जाते, म्हणून दोन-चार साध्या वाक्यांत लिहा, तारे आणि यादी वापरू नका." अहिराणीचंही तसंच. "नळीना भाव काय शे?" असा प्रश्न आला तर मॉडेलला तो कळतो, पण अहिराणीत उत्तर द्यायला गेलं की मराठी-हिंदीची सरमिसळ होते आणि आपल्या माणसाला ती लगेच खटकते. म्हणून "प्रश्न अहिराणीत आला तरी उत्तर सोप्या मराठीत द्या" ही ओळ आमच्या प्रत्येक सूचनेत असते.

नमुना देताना जरा जपून. तुम्ही सूचनेत एकच नमुना उत्तर दिलंत आणि त्याची सुरुवात "राम राम भाऊ" अशी असली, तर मॉडेल ती तशीच्या तशी उचलतं. मग दुकानात विचारणा करणाऱ्या ताईंनाही "भाऊ" ऐकावं लागतं. नमुने द्यायचेच असतील तर एकमेकांपेक्षा वेगळे असे दोन-तीन द्या.

खरा वेळ जातो तो मर्यादा घालताना. एखादं उत्तर चुकलं की दुकानदार रात्री सूचनेच्या तळाला "हे सांगू नको" अशी एक ओळ जोडतात. पुढच्या आठवड्यात दुसरी. जुनी ओळ कोणी काढत नाही.

रावेर भागातल्या एका ठिबकवाल्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या सूचनेत वर होतं, "ग्राहकाला पूर्ण माहिती द्या." एका शेतकऱ्याला फवारणीच्या औषधाचं प्रमाण सांगितलं गेलं, म्हणून त्यांनी खाली लिहिलं, "रसायनांबद्दल काहीही सांगू नको." काळजी रास्तच होती. पण लगेच केळीवाल्यांचे प्रश्न आले: "ड्रीपर चोक झालेत, काय करू?" याचं पहिलं उत्तर अगदी साधं आहे: फिल्टर धुवा, सॅण्ड फिल्टर असेल तर बॅकवॉश करा, सबमेन फ्लश करा, नळ्यांच्या टोकाची एंड कॅप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. यात रसायन कुठेच नाही. पण चोकअपचा विषय पुढे आम्लाच्या प्रक्रियेकडे जातो, म्हणून मॉडेल कधी सगळं सांगायचं, तर कधी "या विषयावर माहिती देऊ शकत नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

दोन ओळींचं आपसात भांडण आहे हे ओळखायची खूण हीच. नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न चार-पाच वेळा विचारून बघा. शब्द थोडे बदलतातच, ते चालायचंच. पण एकदा सविस्तर उत्तर आणि एकदा साफ नकार असं झालं, तर आणखी एक ओळ जोडून उपयोग नाही. जुन्या दोन काढायच्या आणि एक नवी लिहायची. आम्ही त्यांना ही लिहून दिली:

> फवारणीच्या औषधाचे किंवा आम्लाचे प्रमाण सांगू नका, कारण ते लेबल, पीक आणि पाणी पाहून दुकानातूनच सांगितले जाते. असा प्रश्न आल्यास पिकाचे नाव आणि फोटो मागा व दुकानात फोन करायला सांगा. फिल्टर, नळ्या आणि ड्रीपर यांची साफसफाई मात्र पूर्ण समजावून सांगा.

काय नको, का नको, त्याऐवजी काय करायचं आणि बंदी कुठे संपते, हे चारही यात आलं आहे. कारण दिलं की आपण न लिहिलेल्या प्रश्नालाही मॉडेल बहुधा बरोबर वळण देतं. उदाहरणार्थ, विद्राव्य खताचा डोस कोणी विचारला, तर तोही याच कारणाने दुकानाकडे पाठवला जातो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सूचना म्हणजे कुलूप नाही. खोदून खोदून विचारणारा माणूस कधीतरी मॉडेलला बंदीबाहेर नेऊ शकतो, सूचनेतला मजकूरही काढून घेऊ शकतो. म्हणून खरेदीचा भाव, उधारीची नावं, डीलरची सूट यातलं काहीही तिथे लिहू नका. विक्रीचे भाव आणि शिल्लक मालही तिथे नको. त्यासाठी वेगळी यादी जोडलेली आहे आणि ती तुम्ही स्वतः केव्हाही बदलू शकता. सूचनेत पडलेला जुना भाव मॉडेल तितक्याच खात्रीने सांगत राहतं. शिवाय सूचना जितकी लांब, तितका प्रत्येक मेसेजचा खर्च वाढतो, आणि देवनागरी मजकुराला तो इंग्रजीपेक्षा बहुधा जास्तच लागतो.

"एक ओळ बदलायला तुम्हाला दिवस कशाला लागतो?" असं काही जण विचारतात. ओळ बदलायला वेळ लागत नाही, तपासायला लागतो. तुमच्या दुकानाला खरोखर आलेल्या प्रश्नांची यादी आम्ही ठेवतो, आणि प्रत्येक बदलानंतर ती सगळी नव्या चॅटमध्ये पुन्हा विचारून बघतो. फवारणीची ओळ दुरुस्त करताना भावाचं उत्तर बिघडलं, तर ते तुमच्या ग्राहकाच्या आधी आम्हाला दिसतं. जुनी सूचना तारखेसह जपून ठेवलेली असते, परत हवी असेल तर लगेच लावून देतो. हे काम वार्षिक सेवेत धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सोय दुसरीकडून घेतलेले दुकानदारही नुसती सूचना तपासून घ्यायला येऊ शकतात, त्याचा दर कार्यालयात लावलेला आहे.

उत्तर चुकलं की आम्हाला तीन गोष्टी पाठवा: ग्राहकाचा प्रश्न जसाच्या तसा, मॉडेलचं उत्तर, आणि गल्ल्यावर तुम्ही स्वतः असता तर काय सांगितलं असतं ते. तिसरी गोष्ट बोलून पाठवली तरी चालेल, अहिराणीतही.