'करलं' कुठून येतं? उपजत क्षमता की संवाद

अडीच-तीन वर्षांचं मूल सांगतं, "आई, मी सगळं करलं!" घरात सगळे 'केलं' म्हणतात, मग हे 'करलं' त्याने ऐकलं कुठे? बहुतेक वेळा हेच मूल काही महिन्यांपूर्वी 'केलं' अगदी बरोबर म्हणत असतं. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, असा हा प्रवास असतो. मूल भाषा कशी शिकतं याच्या, उपजत क्षमता आणि संवाद या दोन मुख्य स्पष्टीकरणांमधला फरक या एका शब्दावरून छान कळतो.

आधी एक घोळ सोडवू. 'उपजत' म्हणजे न ऐकताच भाषा येते, आणि 'संवादातून' म्हणजे निव्वळ नक्कल, असं अनेकांना वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. मराठी घरातलं मूल मराठी बोलतं, तेव्हा ऐकणं लागतंच, हे पहिल्या बाजूला मान्य आहे. आणि नकलेने 'करलं' येणं शक्य नाही, हे दुसरी बाजूही मानते. नक्कल आणि शाबासकी यांवर भाषा उभी राहते या मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या मांडणीवर उपजत बाजूचे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी 1959 मध्ये कडाडून टीका केली. आजचे संवादवादीही त्या जुन्या मांडणीकडे परत जात नाहीत.

उपजत क्षमतेची बाजू म्हणते, मुलाने नियम पकडला: धातूला 'ल' जोडला की भूतकाळ. बसला, उठला, मग करलं. 'केलं' हा अपवाद वेगळा पाठ करावा लागतो आणि तो वेळेवर आठवला नाही की नियम पुढे येतो. ऐकायला मिळणारी वाक्यं मोजकी आणि अर्धवट असतात, त्यांतून निघू शकणारे निष्कर्ष मात्र असंख्य. तरी मुलं त्यातल्या बहुतेक वाटांना जातच नाहीत. म्हणून भाषेचा काही आराखडा जन्मतःच असला पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे.

संवादवादी त्याच शब्दाकडे बघून म्हणतात, धरलं, भरलं, मारलं हे मुलाच्या कानावर रोज पडतं, 'करलं' त्याच साच्यातून आलं. या बाजूचे मानसशास्त्रज्ञ टोमासेलो यांच्या मते मूल आधी ठरावीक वाक्यांचे तुकडे उचलतं, समोरच्याचा हेतू ओळखतं आणि अशा अनेक तुकड्यांतून हळूहळू साचा काढतं. त्यासाठी खास व्याकरणाचा आराखडा जन्मतः लागत नाही; साम्य ओळखणं आणि समोरच्यासोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देणं पुरेसं ठरतं.

खरी चकमक चूक सुधारण्यावरून आहे. 'करलं' ऐकून आई क्वचितच म्हणते, "असं म्हणू नये." खेळणी अजून पसरलेली असतील तर ती म्हणते, "कुठे? ते बघ अजून पडलेत!" ब्राउन आणि हॅनलन या संशोधकांना 1970 मध्ये इंग्रजी घरांत हेच आढळलं: पालक व्याकरणापेक्षा म्हणणं खरं आहे का, हे तपासतात. मग दुरुस्ती न होता चूक सुटते कशी? उपजतवाद्यांचं हे जुनं हत्यार. त्यावर संवादवाद्यांचं उत्तर असं, की आई लगेच पुढे म्हणते, "अरे वा, सगळं केलंस?" ती मुलाचंच वाक्य नीट करून परत देते. अशा पुनरुच्चारांची नोंद झालेली आहे, पण मुलाला ते हवेतच का, यावर एकमत नाही.

'करलं'वरून निवाडा होत नाही, कारण नियम आणि साचा दोन्ही तिथेच पोहोचतात. आणखी दोन ठिकाणी बघावं लागतं.

पहिलं, मध्य अमेरिकेतला निकाराग्वा देश. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राजधानीत, मनाग्वात बहिऱ्या मुलांची शाळा वाढली. घरी खुणांची पूर्ण भाषा नसलेली मुलं एकत्र आली आणि त्यांच्या खुणांतून नवी भाषा घडत गेली. 'गडगडत खाली गेला' हे आधीची मुलं बरेचदा एकाच हालचालीत दाखवत. नंतर लहानपणी आलेली मुलं 'गडगडणं' आणि 'खाली' अशा दोन वेगळ्या खुणा एकापाठोपाठ करू लागली. समोर नमुना नसलेली रचना मुलांनी घडवली, हा उपजत बाजूचा बळकट पुरावा. पण घरात एकट्या पडलेल्या बहिऱ्या मुलांच्या खुणा इतक्या पुढे जात नाहीत. सवंगडी लागलेच.

दुसरं, बाळांच्या भाषाशिक्षणाच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांचा 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तीने 12 वेळा, प्रत्येकी 25 मिनिटं समोर बसून खेळवलं. त्या बाळांना मँडरिनमधले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. इथे बाजी संवादाकडे झुकते, मात्र एका मर्यादेत: प्रयोग ध्वनींचा होता, व्याकरणाचा नव्हता. त्यामुळे 'करलं'बद्दल त्यातून थेट काही निघत नाही. पण बाळाला मराठी यावं म्हणून परदेशातल्या घरात मराठी गाण्यांचा व्हिडिओ लावून ठेवणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा. त्या वयात बाळाकडे बघून, त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचं नाव घेऊन, त्याच्या उत्तरासाठी थांबून बोलणारं माणूस लागतं.