कुस्तीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज : निवेदन, दाखले आणि त्यांचा ताळमेळ

कुस्तीसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. कारखान्यांचे ट्रस्ट आहेत, बँकांचे सामाजिक निधी आहेत, खासगी प्रतिष्ठाने आहेत. प्रत्येकाच्या अटी निराळ्या, पण बहुतेक ठिकाणी अर्जाला मल्लाच्या स्वतःच्या शब्दांतलं एक-दीड पानांचं निवेदन जोडायला सांगतात. त्यात सराव, घरची परिस्थिती आणि पुढचं ध्येय हे तीन भाग अपेक्षित असतात. मराठवाड्यातल्या पोरांचे अर्ज बहुधा खेळात कमी पडल्याने मागे राहत नाहीत. निवेदनात एक लिहिलेलं असतं आणि दाखल्यात दुसरंच, म्हणून ते बाजूला पडतात.

आधी पात्रता. जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजणार ते नीट पाहावं, कारण एका तारखेने गट बदलतो. खेळाची अट साधारणपणे जिल्हा किंवा विभाग पातळीवरच्या पदकाची किंवा सहभागाची असते. इथे जत्रेतल्या कुस्त्या मोजत नाहीत. शेवटची कुस्ती मारून गदा आणि रोख इनाम मिळालं असलं तरी त्याची अधिकृत नोंद कुठे नसते. फोटो आणि वर्तमानपत्राचं कात्रण जोडायला हरकत नाही, पण प्रमाणपत्र शालेय क्रीडा स्पर्धेचं किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं लागतं. त्यावर वर्ष, वयोगट, वजनगट आणि क्रमांक वाचता आला पाहिजे.

कागदांत जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्यातला जन्माचा दाखला सर्वांत नाजूक. कुस्तीत वय लपवण्याचे प्रकार झाल्याने उशिरा नोंदलेला जन्म लगेच संशयात येतो. नोंद उशिराची असेल तर शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा निर्गम उतारा सोबत जोडावा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बहुधा 31 मार्चला संपते, तेव्हा जुना दाखला चालवून घेतील या भरवशावर राहू नये.

आता निवेदन. उदाहरणादाखल असा मुलगा धरू : वय 16, धाराशिव जिल्ह्यातलं गाव, आईवडील ऊसतोडीला जाणारे, दोन एकर कोरडवाहू. मुलगा तालुक्याच्या गावी तालमीत राहतो. गेल्या वर्षी 48 किलोत जिल्ह्यात दुसरा आला, यंदा 51 किलोत उतरणार आहे.

सरावाचा भाग लिहिताना पोरं हमखास आकडे फुगवतात. "रोज हजार जोर, दोन हजार बैठका, सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास" असं लिहिलं की समितीतला जाणकार दोन गोष्टी पाहतो : शाळा केव्हा, आणि विश्रांती केव्हा? बोनाफाईड सांगतो की मुलगा शाळेत शिकतो, आणि शाळा तर अकरा ते पाच असते. मग संध्याकाळचे चार तास कुठून आले? त्यापेक्षा असं लिहावं :

"पहाटे 5 ते 7.30 मेहनत : धावणं, जोर-बैठका, दोर. शाळेनंतर 6 ते 7.30 लढत, तीन दिवस मॅटवर, दोन दिवस मातीत. शनिवारी फक्त डावांची घोटणी, रविवारी सुट्टी. आमच्या वयोगटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत माझा दम तुटायचा. म्हणून वस्तादांनी दोन मिनिटं लढत, तीस सेकंद थांबा, पुन्हा दोन मिनिटं असा सराव लावला आहे."

यात वीक पॉइंट उघडपणे सांगितला आहे आणि त्यावरचा उपायही. असे उतारे वाचणाऱ्याला मुलगा कुस्ती समजून खेळतोय हे कळतं. वजनगट बदलला असेल तर एका वाक्यात कारण द्यावं, उदाहरणार्थ उंची वाढली. पाणी तोडून वजन उतरवल्याचं कौतुकाने लिहू नये. त्या वयात ते धोक्याचं आहे आणि समितीतले डॉक्टर त्यावर नेमकं बोट ठेवतात.

घरच्या परिस्थितीचा भाग सर्वांत जास्त फसतो. "आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं" हे प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. इथे हिशेब मांडावा. आपल्या उदाहरणात तालमीत राहण्याजेवणाचे महिन्याला 4,000 रुपये. खुराकात रोज दीड लिटर दूध, 50 रुपये भावाने महिन्याचे 2,250. बदाम रोज 25 ग्रॅम, 900 रुपये किलोने महिन्याचे 675. म्हणजे खुराक सुमारे 3,000. एकूण महिन्याला 7,000, वर्षाला 84,000. भाव अर्थात आपल्या गावातले घालावेत.

उत्पन्नाचा दाखला समजा 90,000 चा आहे. मग घरच्यांनी वर्षभर 6,000 रुपयांत भागवलं का, हा प्रश्न येणारच. उत्तर निवेदनातच हवं :

"वर्षाच्या 84,000 पैकी मामा दरमहा 2,500 प्रमाणे 30,000 देतात. गेल्या पावसाळ्यात घरची गाय 40,000 ला विकली. उरलेले 14,000 आईवडिलांनी मजुरीतून दिले. आता विकायला दुसरं जनावर नाही, म्हणून यंदा 40,000 रुपये कमी पडत आहेत."

त्याग यातून आपोआप दिसतो आणि मागणीचा आकडाही कुठून आला ते कळतं. एक खबरदारी उचलीबाबत. "वडिलांनी 80,000 उचल घेतली" एवढंच लिहिलं तर शहरातला वाचणारा ती उत्पन्नावरची जादा रक्कम समजतो, नाहीतर साधं कर्ज समजतो. मुकादमाकडून घेतलेली ती आगाऊ मजुरी आहे, ऊस तोडून टनामागे फिटते आणि दाखल्यातल्या 90,000 मध्येच धरलेली आहे, हे स्पष्ट लिहावं. शेती नावावर असेल तर लपवू नये. सातबारा कोणालाही पाहता येतो.

ध्येयाच्या भागात नुसतं "ऑलिम्पिक पदक" नको. यंदा 51 किलोत विभाग, पुढच्या वर्षी राज्य, मग राष्ट्रीय, अशी पायरी लिहावी. वजनगटाचं भानही दिसावं. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला सहाच गट आहेत : 57, 65, 74, 86, 97 आणि 125. बीडच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण 57 किलोत मिळवलं, तर 2019 चं जागतिक कांस्य 61 किलोत. हा 61 चा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. "61 किलोत ऑलिम्पिक खेळणार" असं लिहिणाऱ्या अर्जाकडे समिती कशी पाहील ते वेगळं सांगायला नको. दुखापत झाली तर काय, यासाठीही एक ओळ असावी : पदवीनंतर पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम, किंवा खेळाडू कोट्यातून पोलीस भरती.

निवेदन मुलानेच लिहावं, वस्तादांनी फक्त तपासावं. भाषा मोठ्या माणसाची वाटली की मुलाखतीत त्यातलंच वाक्य विचारतात. वस्तादांचं पत्र वेगळं असावं आणि त्यातल्या सरावाच्या वेळा निवेदनाशी जुळाव्यात.

मुलगा अल्पवयीन असल्याने पालकाची सही आणि बहुधा संयुक्त बँक खातं लागतं. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर गेले की सहीसाठी उसाच्या फडावर जावं लागतं आणि खातं तर उघडताच येत नाही. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता खातं, आधार जोडणी आणि उत्पन्नाच्या दाखल्याचं स्वयंघोषणापत्र ही कामं पोळ्याच्या सुमारासच उरकून घ्यावीत.