तोंडाला वास येतोय? चूर्ण घेण्याआधी हे वाचा

आमच्या मेडिकलमध्ये तोंडाच्या वासावर औषध विचारायला आलेले बरेच जण पोट साफ होण्याचं चूर्ण नाहीतर ॲसिडिटीची गोळी मागतात. पण अन्ननलिकेचं तोंड एरवी मिटलेलं असतं, पोटातला वास वर येतो तो ढेकरेबरोबर. कायम येणाऱ्या वासाचं मूळ बहुतेकांच्या तोंडातच सापडतं.

स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही, म्हणून घरातल्या कुणालातरी मदतीला घ्या. आधी तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, मग नाक चिमटीत धरून तोंडाने. वास फक्त तोंडाने सोडलेल्या श्वासाला असेल, तर दात, हिरड्या, जीभ किंवा टॉन्सिल. फक्त नाकाने असेल तर नाक किंवा सायनस. तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर. (लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो.) दोन्हीकडून सारखाच येत असेल तर आधी फॅमिली डॉक्टर.

तोंडातच आहे असं ठरलं, की जागा शोधा. स्टीलच्या चमच्याने जीभ अगदी मागून हलकेच खरवडा, थोडं थांबून चमच्याचा वास घ्या. मग दाढांच्या प्रत्येक फटीतून फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, काढून हुंगा. समजा, चमच्याला फारसा वास नाही, पण उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढांमधून काढलेल्या दोऱ्याला घाण वास येतो आणि त्यावर रक्ताचा ठिपका आहे. मग जीभ कितीही घासली तरी फरक पडणार नाही; तिथे हिरडी सुजलेली असेल, दाढ किडलेली असेल किंवा बसवलेल्या कॅपखाली अन्न अडकत असेल. ती जागा लक्षात ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांना नेमकी तीच दाखवा.

चमच्यालाच वास असेल तर दोन आठवडे रात्री झोपताना ब्रश, रोज फ्लॉस आणि टंग क्लीनर. टंग क्लीनर मागपर्यंत न्या, पण रक्त येईल इतका जोर नको. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. मिश्री हा यावरचा उपाय नाही, तिने हिरड्या आणखी बिघडतात. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि वास वाढतो; गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पाकिटं आम्हाला किंवा डॉक्टरांना दाखवा.

माउथवॉश आम्ही विकतो, तरी सांगतो: त्याने वास काही तास झाकला जातो. क्लोरहेक्सिडीनचा तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात.

हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल, दात हलत असेल, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना गाठा. मधुमेह्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन उलट्या होत असतील किंवा धाप लागत असेल, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.