‘सिस्टिम’ने खाल्लेली जागा खरंच किती असते?

फोनमधली जागा संपत आली की आपण स्टोरेजचं पान उघडतो. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप्स यांचे आकडे पटण्यासारखे असतात. धक्का बसतो तो ‘सिस्टिम’समोरचा आकडा पाहून. एवढी जागा एकटी ऑपरेटिंग सिस्टिम खाते?

बहुतेक वेळा नाही. कारण हा आकडा मोजलेला नसून उरलेला असतो. अँड्रॉइडच्या मूळ सेटिंग्जमध्ये बरीच वर्षं हिशेब असा होता: वापरलेल्या एकूण जागेतून ओळखता आलेल्या सगळ्या गोष्टी वजा करायच्या आणि जे उरेल ते सिस्टिमच्या नावावर टाकायचं. म्हणजे हिशेबातली प्रत्येक चूक, प्रत्येक बेवारस फाइल त्याच खात्यात जमा.

2023 मध्ये गॅलक्सी एस 23 आला तेव्हा सिस्टिमच 60 जीबी खाते, अशी ओरड झाली. 512 जीबीच्या फोनवर हा हिशेब करून पाहू. चिप बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात. सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा 1024 च्या पटीत मोजतं, तेव्हा तोच जीबी सुमारे 107 कोटी बाइटचा होतो. या मापाने 512 जीबी भरतात जेमतेम 477. पण पानावर एकूण जागा 512 च लिहायची, तर मधले 35 कुठे दाखवायचे? ते गेले सिस्टिमकडे. हे 35 जीबी कुठल्याही फाइलने अडवलेले नव्हते. खरी सिस्टिम आणि सोबत आलेली अ‍ॅप्स मिळून उरतात 25 च्या आसपास. तेही काही कमी नाहीत म्हणा!

त्याच पानावरच्या ‘इतर’ची गोष्ट वेगळी. तिथे फाइल्स खऱ्या असतात, फक्त त्यांचा प्रकार फोनला ओळखता येत नाही. नेहमीचं उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपचं. अँड्रॉइडवर त्याच्या `Databases` फोल्डरमध्ये `msgstore` ने सुरू होणाऱ्या आणि `crypt14` किंवा `crypt15` ने संपणाऱ्या फाइल्स दिसतील. हे चॅटचे बॅकअप, सात दिवसांपर्यंतचे. बॅकअपची एक प्रत 1 जीबीची असेल तर एवढ्यानेच सहा-सात जीबी भरतात. नावात तारीख असलेल्या जुन्या प्रती काढता येतात. ताजी मात्र ठेवावी.

आयफोनवरचा ‘सिस्टिम डेटा’ म्हणजे कॅशे, लॉग आणि अशाच तात्पुरत्या गोष्टी. गरजेनुसार तो फुगतो आणि आटतो, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नये.

आपल्या फोनचं निदान करायचं तर आकडा आज टिपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. तो जागचा हलला नसेल, तर ती सिस्टिमची राखीव जागा आणि मापांतला फरक. फोन फॅक्टरी रीसेट केला तरी हा भाग कमी होणार नाही. रोज वाढत असेल, तर कॅशे, रिसायकल बिन किंवा बॅकअप साठतायत. शोध तिथून सुरू करावा.