फेट्यासाठी कापड किती घ्यावे आणि कोणत्या प्रसंगी कोणता बांधावा

आमच्याकडे फेट्याची मागणी नोंदवताना बहुतेक ग्राहक प्रथम रंग सांगतात. रंगाइतकेच महत्त्वाचे असते ते कापडाचे माप, कारण फेटा डोक्यावर किती वेळ टिकेल आणि तुरा कितपत उभा राहील हे त्यावरच ठरते. ते माप कसे काढावे, हे या पत्रकात सांगितले आहे.

मुळात पगडी आणि फेटा यांत एक फरक लक्षात घ्यावा. पुणेरी पगडी कारागीर आधीच घडवून, शिवून तयार करतो आणि ती टोपीप्रमाणे डोक्यावर ठेवली जाते. तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सत्कारासाठी ती सोयीची असली, तरी तिचा घेर नंतर सैल किंवा घट्ट करता येत नाही, म्हणून पाहुण्यांच्या डोक्याचे माप आधी कळवणे आवश्यक आहे. फेट्याचे कापड मात्र प्रत्येक वेळी नव्याने बांधले जाते, त्यामुळे एकच कापड वडिलांना आणि मुलालाही चालू शकते.

मोजपट्टी भुवयांच्या साधारण दोन बोटे वर ठेवून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत पुढे आलेला असतो त्यावरून फिरवावी. समजा, हा घेर 56 सेंटीमीटर आला आणि ग्राहकाला लग्नासाठी तुरा व शेमला असलेला फेटा हवा आहे. पाठीवर सोडायच्या शेमल्यासाठी आम्ही 90 आणि तुऱ्यासाठी 60 सेंटीमीटर कापड राखून ठेवतो. प्रत्येक वेढा तिरका जातो आणि आधीच्या वेढ्यांवरून फिरतो, म्हणून एका वेढ्यास 56 नव्हे, तर सरासरी 64 सेंटीमीटर कापड लागते. सात वेढ्यांचे साधारण साडेचार मीटर आणि राखून ठेवलेले दीड मीटर मिळून सहा मीटर होतात. प्रौढ व्यक्तीसाठी आम्ही सहा मीटरच सुचवतो, त्यामागचा हिशेब हा आहे. लहान मुलाला पाच वेढे पुरतात, शेमला आणि तुराही आखूड ठेवावा लागतो, म्हणून चार मीटरांत काम होते. नऊ मीटरांचा भरघोस फेटा छायाचित्रात शोभतो खरा, पण अकराच्या आसपास वेढ्यांचे वजन मानेवर येते. तो तासाभराच्या मिरवणुकीपुरता ठीक आहे. दिवसभराच्या लग्नात नवरदेवाला तो बांधू नये, असे आमचे मत आहे.

बांधताना सुमारे मीटरभर पन्ह्याचे कापड लांबीच्या दिशेने चुण्या घालून अरुंद केले जाते. शेमल्याचे टोक मागे सोडून पहिला वेढा कपाळावरून आडवा घेतला जातो आणि हाच वेढा साऱ्या फेट्याचा आधार ठरतो. पुढचे वेढे एकदा उजवीकडून चढते आणि एकदा डावीकडून चढते घेतल्याने कपाळावर त्यांची फुली पडते. शेवटच्या टोकाच्या पंख्यासारख्या घड्या करून तुरा वर खोवला जातो. काही बांधणारे तुरा आधी काढतात व शेमला शेवटी सोडतात. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. नवरदेवाच्या फेट्यावर मुंडावळ्या बांधायच्या असल्याने त्याच्या कपाळावरची कड सपाट ठेवावी लागते, म्हणून तशी सूचना आधी द्यावी. चश्मा असल्यास तो काढून फेटा बांधून घ्यावा आणि नंतर लावावा, अन्यथा काड्या वेढ्यांखाली अडकून कानशिले दुखतात.

बांधून झाल्यावर कडेखाली एक बोट थोड्या जोराने जाईल इतपत घट्टपणा असावा. बोट सहज फिरत असेल, तर फेटा थोड्याच वेळात मागे सरकू लागेल, कारण शेमल्याचे वजन त्याला सतत खाली ओढत असते. बोट मुळीच जात नसेल, तर कपाळावर वळ उठतो आणि डोके दुखू लागते. अशा वेळी वरवर ओढाताण न करता फेटा पूर्ण सोडून पहिल्या वेढ्यापासून पुन्हा बांधावा.

सुती कापडाचे वेढे एकमेकांना धरून राहतात, म्हणून ढोलताशा पथकासाठी किंवा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी सुतीच घ्यावे. साटीन चमकते, पण घसरते; ते बसून करायच्या समारंभापुरतेच ठेवावे. वारकऱ्यांचा पांढरा फेटाही सुती असतो आणि त्याला तुऱ्याची गरज नसल्याने तुलनेने कमी कापड पुरते.

गडद रंगाच्या किंवा बांधणीच्या नव्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर घामाने तो कपाळावर आणि सदऱ्यावरही उतरेल, म्हणून असे कापड आधी थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. समारंभानंतर फेटा बांधलेल्या स्थितीत पेटीत ठेवू नये, कारण आत राहिलेल्या घामामुळे घड्यांवर डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.