निळ्या टिका असलेला व्हॉट्सअ‍ॅप स्क्रीनशॉट

"वर नाव आहे, वेळ आहे, निळ्या टिकाही आहेत. म्हणजे चॅट खरंच झालंय!"

वरचं नाव समोरच्याचं नसतं. आपण फोनात जे सेव्ह करू ते दिसतं. समजा, म्हापशातल्या भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटवरून वाद आहे. भाडेकरूने भावाचा नंबर 'घरमालक' म्हणून सेव्ह केला, भावाने "पैसे मिळाले" असं पाठवलं आणि भाडेकरूने त्याचा स्क्रीनशॉट काढला. चित्रात एका अक्षराचीही खाडाखोड नाही, तरी संवाद खोटा. म्हणून फाँट, रंग न्याहाळून फारसं हाती लागत नाही. टिका तर फक्त पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या मेसेजवर येतात. आलेल्या मेसेजवर त्या दिसल्या, तर मात्र ते चित्र नक्की बनावट.

खरी तपासणी फोनवरच होते. चॅट उघडून वरच्या नावावर टॅप करायला सांगा आणि नंबर घरमालकाच्या नंबराशी पडताळा. मग वर सरकवत मागचे मेसेज, तारखा बघा. कोणत्या मेसेजला उत्तर दिलंय त्या चौकटीवर टॅप केलं की मूळ मेसेज सापडायला हवा.

एवढ्यावरही थांबू नका. 'फक्त माझ्यासाठी' डिलीट केलेला मेसेज मागे खूण ठेवत नाही, त्यामुळे "पैसे मिळाले" यानंतर आलेला "पण अर्धेच" हा मेसेज गायब असू शकतो. तोच संवाद घरमालकाच्या फोनवरही, त्याच वेळांसकट पाहा. एक्स्पोर्ट केलेली फाइल पुरेशी नाही; ती साधा मजकूर असते, कुणीही बदलू शकतो. वाद पोलिसांपर्यंत जाईल असं वाटलं, तर दोन्ही फोनांतलं मूळ चॅट पुसू नका.